बदली वीस दिवसांत, नोटीस दोन महिन्यांची : गोव्यातल्या भाडेकरूसाठी

कंपनीचे बदलीचे पत्र हातात पडते तेव्हा माणूस आधी शाळेचा, मग सामानाचा आणि सगळ्यांत शेवटी घरमालकाचा विचार करतो. पैशाच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. शाळेचा दाखला चार दिवस उशिरा मिळाला म्हणून भुर्दंड पडत नाही. नोटीस चार दिवस उशिरा दिली, तर अ‍ॅग्रीमेंटमधल्या एका ओळीमुळे अख्ख्या महिन्याचे भाडे अंगावर येऊ शकते.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. फोंड्याला कुर्टीत दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडे १८,००० रुपये, डिपॉझिट ५४,०००. अकरा महिन्यांचे लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट १ सप्टेंबरपासून. लॉक-इन सहा महिन्यांचे, म्हणजे २८ फेब्रुवारीपर्यंत. नोटीस दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची. भाडेकरू कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. ३ फेब्रुवारीला त्याच्या हाती बदलीचे पत्र येते आणि २३ तारखेला नाशिकला हजर व्हायचे आहे. फेब्रुवारीचे भाडे भरून झाले आहे.

आधी अ‍ॅग्रीमेंट काढा, फोन नंतर

घरमालकाला फोन लावण्याआधी अ‍ॅग्रीमेंट काढून तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, लॉक-इन आणि नोटीस यांत घोळ करू नका. लॉक-इन म्हणजे तेवढा काळ घर सोडायचेच नाही, सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यायचे, अशी बोली. नोटीस म्हणजे सोडण्याआधी किती दिवस सांगायचे ते. आपल्या उदाहरणात लॉक-इन २८ फेब्रुवारीला संपते आणि तोवरचे भाडे भरलेले आहे, म्हणून त्याची अडचण नाही. पण काही अ‍ॅग्रीमेंटांत ‘लॉक-इन संपल्यावरच नोटीस देता येईल’ असे वाक्य असते. तसे असेल तर नोटीस १ मार्चला सुरू होऊन ३० एप्रिलला संपेल आणि देणे थेट ३६,०००वर जाईल. हे वाक्य लॉक-इनच्या कलमात नसून शेवटच्या पानावर ‘इतर अटीं’मध्ये दडलेले असण्याचीही शक्यता असते. म्हणून सगळी पाने वाचा.

दुसरी, नोटीस कधीपासून मोजायची. ‘दोन महिन्यांची लेखी नोटीस’ एवढेच लिहिले असेल, तर ४ फेब्रुवारीला दिलेली नोटीस ३ एप्रिलला पुरी होते. ‘पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून’ असे असेल, तर तीच नोटीस ३० एप्रिलपर्यंत लांबते.

तिसरी, नोटीस कशी द्यायची. बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटांत अजून ‘रजिस्टर ए.डी.ने’ असे छापलेले असते. टपाल खात्याने २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मागा आणि काउंटरवरची पावती सांभाळा. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवरही जाऊ द्या. घरमालक शेजारीच राहत असेल, तर दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून त्याची सही घेतली की काम झाले. मात्र अ‍ॅग्रीमेंटमध्ये टपालाचा उल्लेख असेल, तर सही मिळाली तरी टपालाचा खर्च वाचवू नका.

अ‍ॅग्रीमेंट कंपनीच्या नावावर असेल, तर तुम्ही दिलेल्या नोटिशीला अर्थ नाही, ती कंपनीनेच द्यायला हवी. तसे असल्यास पहिला फोन एचआरला करा. अ‍ॅग्रीमेंट स्वतःच्या नावावर असले तरी एचआरला एकदा विचाराच. बदलीच्या नियमांत जुन्या घराचे नोटिशीचे भाडे भरून देण्याची तरतूद कधी कधी असते, पण न मागता ती कोणी सांगत नाही. पैसे मिळणार असतील तर घरमालकाकडून पावती लागेल, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक शक्यता तपासा. अकरा महिने कधीच उलटून गेले, नवे अ‍ॅग्रीमेंट केले नाही, तरी दर महिन्याला भाडे जाते आणि घेतले जाते, असे गोव्यात सर्रास चालते. जुना कागद भाडेपट्ट्याचा, म्हणजे लीजचा असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६प्रमाणे महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. म्हणजे ज्या दोन महिन्यांची धास्ती घेतली, ते लागूच नसतील. मात्र कागदावर ‘लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स’ लिहिले असेल, तर हे कलम जसेच्या तसे लागू होत नाही. अशा वेळी भांडणात न पडता आधी वकिलाला कागद दाखवून घ्यावा.

नोटीस आजच द्या, सवलत वेगळी मागा

नवखा भाडेकरू इथेच चुकतो. तो घरमालकाला ‘काका, बघा ना जरा, लवकर सोडायला जमेल का?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. काका ‘बघतो, मुलाला विचारतो’ म्हणतात. आठ दिवस जातात, मग नाही म्हणतात आणि नोटीस त्या दिवसापासून सुरू होते. आठ दिवसांचे भाडे फुकट गेले.

म्हणून एकाच पत्रात दोन वेगळे परिच्छेद लिहा. पहिल्यात अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे नोटीस द्यायची, तिला कुठलीही अट जोडायची नाही. दुसऱ्यात विनंती करायची. विनंती फेटाळली गेली तरी नोटिशीचे घड्याळ चालू राहते. पत्र साधारण असे :

‘आपल्या फ्लॅटच्या १ सप्टेंबरच्या अ‍ॅग्रीमेंटमधील कलम ९ नुसार मी आज, ४ फेब्रुवारी रोजी, दोन महिन्यांची नोटीस देत आहे. तिची मुदत ३ एप्रिल रोजी पूर्ण होईल.

‘कंपनीने माझी नाशिकला बदली केली असून २३ फेब्रुवारीला तेथे हजर व्हायचे आहे. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. मी २२ फेब्रुवारीला घर रिकामे करून चावी देईन. आपल्याला पसंत पडेल असा भाडेकरू आणण्याचा मी प्रयत्न करतो. त्याचे भाडे ज्या दिवशी सुरू होईल, त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे भाडे मी देईन. कोणी मिळाले नाही, तर ३ एप्रिलपर्यंतचे भाडे मी देईन. हे मान्य असल्यास ९ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.’

बदलीच्या पत्राची प्रत देताना पगाराचा आकडा आणि एम्प्लॉयी नंबर झाकून द्या. घरमालकाला बदली आणि हजर व्हायची तारीख एवढेच पाहायचे असते. पत्र जोडण्याचा हेतू दया मिळवण्याचा नाही. ‘दुसरे स्वस्त घर सापडले म्हणून हा निघाला’ ही शंका मिटली की बोलणे सोपे होते, एवढाच.

या पत्रातले मर्म ‘आदल्या दिवसापर्यंतचे भाडे मी देईन’ या वाक्यात आहे. घरमालकाला दोन महिन्यांच्या नोटिशीचा ध्यास नसतो, त्याला घर रिकामे पडण्याची भीती असते. ‘नोटीस दोनाची एक करा’ म्हटले की ऐकणाऱ्याला नुकसान दिसते. ‘एक दिवसही तुमचे भाडे बुडणार नाही’ म्हटले की तोच माणूस शांतपणे ऐकतो. पैशाचा हिशेब दोन्हीकडे सारखा येऊ शकतो, तरी मागणीचे तोंड बदललेले असते.

हे पत्र कोणाला द्यायचे, हाही गोव्यात एक प्रश्न असतो. अ‍ॅग्रीमेंटवर सही कोणाची आहे ते पाहा. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल किंवा मालक आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये असून इथला भाऊ मुखत्यारपत्रावर व्यवहार पाहत असेल, तर चावी ठेवणाऱ्या शेजाऱ्याचे किंवा भाडे घ्यायला येणाऱ्या भाच्याचे ‘हो, हो, चालेल’ पुरत नाही. पत्र सही करणाऱ्याच्या नावाने काढा आणि इथे काम पाहणाऱ्याला प्रत द्या. मंजुरीही सही करणाऱ्याकडूनच घ्या. परदेशातला मालक असेल तर ईमेलवर आलेले ‘मान्य आहे’ हे फोनवरच्या अर्ध्या तासाच्या गप्पांपेक्षा मोलाचे असते.

आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणणे हा हक्क नाही

अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळे लिहिले नसेल, तर घरमालकाने तुमचा माणूस घेतलाच पाहिजे असे कुठेही नाही. लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स ही घरमालकाने त्या माणसाला राहण्यासाठी दिलेली परवानगी असते. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५६नुसार, वेगळे ठरले नसेल तर ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून ‘माझ्या जागी मित्र राहील, भाडे तो देईल’ हा मार्ग नाही. तसे केले तर तो पोटभाडेकरू ठरतो आणि अ‍ॅग्रीमेंट मोडल्याचे खापर तुमच्या माथ्यावर फुटते. नाशिकला बसून त्या मित्राच्या वीजबिलाचे फोन घ्यायचे, हे वेगळेच.

नव्या माणसाचे अ‍ॅग्रीमेंट थेट घरमालकाशी व्हावे. त्याचे डिपॉझिट थेट घरमालकाच्या खात्यात जावे आणि तुमचे तुम्हाला घरमालकाकडून परत यावे. ‘तुम्ही आपसात डिपॉझिट बदलून घ्या’ असे घरमालकाने सुचवले तर हात जोडून नाही म्हणा. उद्या त्या माणसाचे आणि घरमालकाचे वाजले, तर ५४,००० तुम्हाला दिले होते की मालकाला, यावर वाद होतो. आणि कागदावर त्या डिपॉझिटचे मालक अजून तुम्हीच असता.

माणूस शोधण्याआधी घरमालकाला विचारा, कसा भाडेकरू चालेल. कुटुंबच हवे की नोकरी करणारे दोघेजण चालतील, शाकाहाराची अट आहे का, कुत्रा-मांजर चालेल का, सोसायटीला नव्या भाडेकरूचे काय कागद लागतात. हे आधी न विचारल्यामुळे चांगली दोन माणसे दाखवून झाल्यावर ‘आमच्या बिल्डिंगला बॅचलर घेत नाहीत’ असे ऐकावे लागते आणि दहा दिवस वाया जातात. भाडे तेच ठेवणार का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. तुम्ही १८,००० सांगून माणूस आणायचा आणि मालकाने तोंडावर २१,००० मागायचे, हे नेहमीचे आहे. माणूस पळून जातो आणि रिकाम्या दिवसांचे भाडे मात्र तुमच्याच नावावर चढते.

शोध कुठे करायचा हे घर कुठे आहे त्यावर अवलंबून असते. फोंडा परिसरात कुंडई, बेतोडा, मडकई या औद्योगिक वसाहती आणि फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे बाहेरून नोकरीला येणारी माणसे वर्षभर घर शोधत असतात. सर्वांत पहिले ठिकाण म्हणजे तुमचेच ऑफिस : तुमच्या जागी जो येणार आहे, त्याला राहायला घर लागणारच. नंतर बिल्डिंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग दलाल. दलालाला सांगायचे असेल, तर दलाली कोण देणार हे आधीच ठरवा. कळंगुट, हणजूण अशा किनारपट्टीवर हिशेब निराळा असतो. ऑक्टोबर ते मे या सीझनमध्ये मालकाला घर पर्यटकांना द्यायचे असेल, तर तो तुमच्या माणसाकडे पाहणारही नाही, पण तुम्हाला लवकर सोडायला आनंदाने तयार होईल. जूनमध्ये तोच मालक नोटिशीचा शेवटचा दिवस मोजून घेईल.

घरमालकाला एकच नाव देऊ नका, दोन-तीन द्या. प्रत्येकाबद्दल चार ओळी पुरतात : काय करतो, घरात किती माणसे, कधी यायचे आहे, गाडी किती. ओळखपत्रे आधी पाठवू नका. त्या माणसाला विचारून, मालकाला पसंत पडल्यावर द्या, आणि तेव्हाही यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढलेले, पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार द्या. गोव्यात भाडेकरूची पोलीस पडताळणी घरमालकाने स्थानिक पोलीस ठाण्यात करायची असते. त्याचा फॉर्म, फोटो आणि कागद नव्या माणसाने आधीच तयार ठेवले, तर मालकाचे एक निमित्त कमी होते. पडताळणीचा फॉर्म जाण्याआधी किंवा अ‍ॅग्रीमेंटवर सही होण्याआधी त्याचे सामान घरात ठेवू देऊ नका, ‘एक कपाट फक्त’ म्हटले तरी.

रिकामे पण भाडे भरलेले दिवस

आपल्या उदाहरणात भाडेकरू २२ फेब्रुवारीला चावी देतो. भाडे २८ पर्यंत भरलेले आहे. म्हणजे सहा-सात दिवस घर रिकामे आहे आणि घरमालकाला त्याचे पैसेही मिळालेले आहेत. हे दिवस त्याच्या नजरेला आणून द्या. याच दिवसांत रंगाचे काम होऊ शकते, नळ बदलता येतो आणि घर नव्या माणसाला मोकळे दाखवता येते. दोन बेडरूमच्या घराला दोन हात मारायचे तर चार-पाच दिवस लागतात. एरवी हे दिवस नव्या भाडेकरूच्या आधी रिकामे जातात आणि त्यांचा बोजा तुमच्यावर पडू शकतो. पावसाळ्यात मात्र हा हिशेब चालत नाही. जुलैत भिंती लवकर सुकत नाहीत, आणि मालक ‘रंग नंतर’ म्हणाला तर समजून घ्यावे.

रंगावरून आठवले : पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून आत झिरपलेल्या ओलीचे डाग भाडेकरूच्या नावावर टाकण्याची सवय काही मालकांना असते. आत येताना काढलेले फोटो असतील तर ते आता कामाला येतील. नसतील तर आजचे फोटो तरी काढा, डागाबरोबर बाहेरची भेगही दिसेल असे.

लेखी मंजुरी, एका पानाची

तोंडी होकार आला की त्याच दिवशी एक पान टाइप करून दोघांच्या सह्या घ्या. त्यात वरच्या ओळीत अ‍ॅग्रीमेंटची तारीख आणि फ्लॅटचा पत्ता असावा. मग पुढील मुद्दे पूर्ण वाक्यांत यावेत : नोटीस ४ फेब्रुवारीला मिळाली. घर २२ फेब्रुवारीला मिळेल. नव्या भाडेकरूच्या भाड्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे भाडे जुना भाडेकरू देईल. ते ३ एप्रिलच्या पलीकडे जाणार नाही. नव्या माणसाला सध्याच्याच भाड्याने घर दिले जाईल. मालकाने भाडे वाढवल्यामुळे किंवा घर स्वतःसाठी ठेवल्यामुळे माणूस नाकारला, तर नाकारल्याच्या तारखेपासून जुन्या भाडेकरूचे देणे थांबेल. आणि या रकमा दिल्यावर नोटीस किंवा लॉक-इनपोटी आणखी काही मागितले जाणार नाही.

शेवटून दुसऱ्या वाक्यावर मालक कुरकुरतो. तिथे थोडे मागे यायला हरकत नाही, ‘पंधरा दिवसांनी थांबेल’ असे करा. पण ते वाक्य मुळातच नसेल, तर मालकाला घाई कशाला? त्याला ३ एप्रिलपर्यंत घरबसल्या भाडे मिळत असते.

दिवसाचा दर कसा काढायचा तेही इथेच लिहा. १८,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला ६००. १ मार्च ते ३ एप्रिल हे चौतीस दिवस होतात. दिवसाने मोजले तर २०,४०० रुपये, महिन्याने मोजले तर १८,००० अधिक तीन दिवसांचे १,८००, म्हणजे १९,८००. फरक ६०० रुपयांचाच, पण चावी देण्याच्या दिवशी, टेम्पो खाली उभा असताना, या सहाशेवरून आवाज चढतात. ‘पूर्ण महिना १८,०००, सुटे दिवस ६००ने’ एवढे लिहून मोकळे व्हा.

चावीचा दिवस

त्या दिवशी सकाळी विजेच्या मीटरचा फोटो काढा. डिजिटल मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप बदलत राहतात, कधी तारीख, कधी व्होल्टेज. ज्या आकड्याशेजारी kWh दिसते तोच वापरलेल्या युनिटांचा आकडा, त्याचा फोटो मीटरच्या नंबरसह घ्या. नवखा माणूस घाईत भलत्याच आकड्याचा फोटो काढतो आणि महिनाभराने हिशेब जुळत नाही. वीज खात्याचे बिल वापरानंतर येते, त्यामुळे चावी देताना शेवटचे बिल हातात नसणार. त्यापोटी डिपॉझिटमधून ठरावीक रक्कम, समजा १,५०० रुपये, मागे ठेवायची आणि बिल आल्यावर उरलेले परत, असे पानावर लिहा. पाण्याच्या बिलाचेही तसेच. पुढचे बिल स्वतः पाहता यावे म्हणून बिलावरचा सीए नंबर टिपून ठेवा.

गॅस जोडणी तुमच्या नावाची असेल तर ती घरात सोडून जाऊ नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्या, नव्या शहरात ते लागेल. सोसायटीची मेंटेनन्सची बाकी तुमच्याकडे असेल तर ती भरून पावती घ्या. मग मालकासमोर चाव्या मोजून द्या आणि ‘मुख्य दाराच्या तीन, गॅलरीची एक, लेटरबॉक्सची एक’ असे एका कागदावर लिहून त्याची सही घ्या. घर रिकामे मिळाल्याची तारीख त्याच कागदावर असू द्या. ही तारीख नसेल तर मालक म्हणू शकतो की चावी मार्चमध्ये मिळाली.

हिशेब कसा सुटतो

समजा नवा भाडेकरू ११ मार्चपासून भाडे देऊ लागला. जुन्याने १ ते १० मार्च असे दहा दिवसांचे ६,००० द्यायचे. नव्या अ‍ॅग्रीमेंटच्या स्टॅम्प आणि नोटरीचा खर्च सद्भावनेने उचलायचे ठरले, तो १,२०० धरू. विजेपोटी मागे ठेवले १,५००. म्हणजे ५४,००० मधून ४५,३०० परत यायचे आणि बिल भागल्यावर १,५०० मधले उरलेले. कोणी मिळालेच नसते तर १९,८०० आणि विजेचे १,५०० वजा जाऊन ३२,७०० परत आले असते. फरक १२,६०० रुपयांचा, तोही दोन-तीन माणसे आणून दाखवण्याच्या कष्टाचा.

डिपॉझिट कधी मिळणार, हा खरा कळीचा मुद्दा. अनेक मालकांनी तुमचे डिपॉझिट केव्हाच खर्च केलेले असते आणि नव्याचे आले की ते तुमचे देतात. ‘चावी दिली की सगळे’ असा आग्रह धरला तर बोलणे तुटते. ‘नवा आला की देतो’ मान्य केले तर तुम्ही नाशिकला आणि पैसे फोंड्याला. मधला मार्ग वरच्या आकड्यांतूनच निघतो. अगदी वाईट परिस्थितीतही मालकाने ३२,७०० परत द्यायचेच आहेत. तेव्हा ३०,००० चावीच्या दिवशी मागण्यात मालकाला कसलाही धोका नाही, हे त्याला आकडे मांडून दाखवा. उरलेले नव्या अ‍ॅग्रीमेंटनंतर तीन दिवसांत किंवा १० एप्रिलला, यांतले जे आधी येईल तेव्हा, असे लिहून घ्या. ‘नवा आला की’ या शब्दांना तारखेचे कुंपण घातल्याशिवाय सही करू नका.

‘मार्चचे भाडे डिपॉझिटमधून वळते करा’ असे परस्पर ठरवून भाडे थांबवणे टाळा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसे सहसा नसते, आणि त्या क्षणी मालक तुम्हाला थकबाकीदार म्हणून मोकळा होतो. मग बाकीची सगळी समजूत गळून पडते. दोघांनी मिळून लेखी ठरवले तर मात्र तसेच केलेले चालते, उलट पैसे इकडून तिकडे फिरवण्याचा व्याप वाचतो.

नकार आला तर

घरमालक सवलत देण्यास नाहीच म्हणाला, तर नोटीस चालूच आहे, त्यामुळे काही गमावलेले नाही. घर ३ एप्रिलपर्यंत तुमचे आहे. कुटुंबाला मार्चअखेरच्या परीक्षेपर्यंत इथेच ठेवता येत असेल, तर तसे करण्यात शहाणपण असू शकते, कारण त्या भाड्याचा उपयोग तरी होतो. घर रिकामेच ठेवायचे असेल, तर मंजुरी नसतानाही दोन-तीन तयार माणसांची नावे लेखी पाठवून ठेवा.

यामागे कायद्याचा एक आधार आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये नुकसान मोजताना, ते टाळण्यासाठी हाताशी कोणते उपाय होते याचाही विचार करावा असे म्हटले आहे. कलम ७४ प्रमाणे करारात आधीच रक्कम ठरवलेली असली, तरी तिच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच मिळते. तेव्हा मालकाने पाच दिवसांत दुसरा भाडेकरू बसवला आणि तुमच्याकडूनही पूर्ण नोटिशीचे भाडे कापले, तर त्या दुहेरी वसुलीला हरकत घेता येते. नव्या माणसाची तारीख सोसायटीच्या वॉचमनकडून किंवा शेजाऱ्याकडून कळू शकते. मात्र पंधरा-वीस हजारांसाठी नाशिकहून फोंड्याच्या कोर्टाच्या तारखा करणे कोणालाच परवडत नाही. या कलमांचा उपयोग वकिलाच्या एका पत्रापुरता, आणि तेही आधीचे कागद जागेवर असतील तरच.